शंकरपाळ्याची पुडी

रुद्राणी पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा मी तिला हाकलून दिलं होतं. आजही सांगतो, बरोबरच केलं होतं.

मुखेडच्या बाजारगल्लीत माझं किराणा दुकान आहे. समोर गटार, गटारावर फरशी, फरशीवरून आत आलं की लगेच गल्ला. गिऱ्हाईक आत येत नाही, आत जागाच नाही. ते फरशीवर उभं राहतं आणि बोट दाखवून मागतं. माझ्या डोक्यावर आडवी तार आहे आणि तारेवर पुड्यांच्या लडी लोंबत असतात. चहा, शाम्पू, बडीशेप, मसाला. प्रत्येक कंपनीचा माणूस येतो आणि म्हणतो, "शेषेराव, आपली लड मधोमध लावा." मधोमध जागा एकच आहे. ती काय मी सगळ्यांना वाटत सुटू?

त्यात ही बया आली. वय तिशीच्या आसपास, कपाळावर विभूतीचं बोट, गळ्यात लिंग, खांद्याला पिशवी, आणि तोंडावर असा भाव की दुकान मी तिच्याकडूनच भाड्यानं घेतलंय. उदगीरच्या महादेवप्पांची धाकटी मुलगी. महादेवप्पांना आमच्या भागात कोण ओळखत नाही? मिरची-हळदीचे जुने व्यापारी. पण त्यांचा मसाला सदा गोणीतून विकला गेला. दुसऱ्यांनी तो नेला, आपल्या पुड्यांत भरला आणि आपलं नाव लावलं. रुद्राणी लातूरला छपाईच्या दुकानात पत्रिका आणि मिठाईचे खोके काढायचं काम करायची. ते सोडून ती घरी आली आणि बापाला म्हणाली, आता आपलं नाव लावायचं. आजीच्या नावानं, नीलम्मा मसाले. मिरची, हळद, धणे आणि येसर, अशा चार पुड्या.

थोरला भाऊ वीरेश याला ते मुळीच पटलं नव्हतं. गोणीचा धंदा त्याच्या हातात होता आणि पुड्या आल्या तर बहिणीचा पाय घरात रोवला जाणार, एवढं त्याला समजत होतं. शेवटी महादेवप्पांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: ही लगनसराई रुद्राणीची. पुडी दुकानात चालली तर मसाला तिच्या हातात. नाही चालली तर पुड्यांचं मशीन विकायचं, आणि तिनं लातूरला पत्रिका छापायला परत जायचं. हे मला तिनंच सांगितलं, तेही भांडताना.

तर ती पहिली पुडी. काळीकुट्ट, चकचकीत, वर सोनेरी बारीक वळणदार अक्षरं, आणि मधे नीलम्मा आजीचा फोटो. चारी पुड्या सारख्याच. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "हळद" किंवा "येसर".

मी लड तारेला लावली आणि म्हणालो, "जा फरशीवर. वाच."

ती गेली. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मग म्हणाली, "तुमच्या दुकानात उजेडच न्हाई, काका."

"न्हाईच हाय. माझ्यासारखीच समदी दुकानं हायत हितली. तू पुडी कुणासाठी काढून राहिली? लातूरच्या काचेच्या दुकानासाठी का?"

"दिवा लावा ना मग!"

"तुझ्या पुडीसाठी दिवा लावू? निघ!"

एवढं झालं की माणूस जातो. ही गेली नाही. गटाराच्या पलीकडं एक रिकामा क्रेट पडला होता, तो ओढून त्याच्यावर बसली. त्या दिवशी आठवडी बाजार होता. ही दुपार कलेपर्यंत तिथंच बसून गिऱ्हाइकांकडं बघत होती. मला इतका राग आला की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मधेच उठून यायची आणि विचारायची, "ती बाई 'लाल पुडी' का म्हणली? नाव का न्हाई घेतलं?" मी म्हणालो, नाव वाचायला येत असतं तर घेतलं असतं. मग म्हणायची, "लडीतली पुडी वरून सुरकुतलेली का दिसती?" मी म्हणालो, भुकटी खाली बसते बाई, पोट खाली फुगतं, वरचा भाग मोकळा राहतो. तू नाव नेमकं वर लिहिलंय, सुरकुतीत. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं तारीख विचारली. काळ्या चकचकीत कागदावर मारलेला तारखेचा शिक्का माझ्या अंगठ्यानंच पुसला गेला. ते बघून मात्र तिचं तोंड पडलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

जाताना म्हणाली, "परत येते."

"नको येऊस," मी म्हणालो.

ती आली. दिवाळीनंतर आली, नवी लड घेऊन. आणि मला नाइलाजानं म्हणावं लागतंय की पोरगीनं काम केलं होतं.

पुडी पांढरी. चकाकी घालवलेली, म्हणजे माझ्या मिणमिणत्या नळीचा उजेड तिच्यावर तिरपा चमकत नव्हता. आजीचा फोटो गेला. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता म्हणे. नाव खाली, फुगलेल्या पोटावर, बोटाएवढ्या जाड अक्षरात: हळद. मागं पांढरी मोकळी चौकोनी जागा फक्त शिक्क्यासाठी, त्यावर तारीख आणि किंमत काळी कुळकुळीत उठत होती. मसाल्यात काय काय पडलंय त्याची यादी जे जास्त ते आधी या क्रमानं, आणि येसरवर "यात गहू आहे" हे वेगळ्या जाड ओळीत. दोन पुड्यांमधल्या जोडाच्या शिवणीवर एकही अक्षर नाही, नाहीतर कापताना अर्धं नाव कचऱ्यात जातं.

आणि समोर, पुडीच्या मधोमध, एक मोठं शंकरपाळं.

ती त्याला शंकरपाळंच म्हणायची. टोकावर उभा केलेला चौकोन, आडवी रेघ मारून दोन भाग केलेला. वरचा भाग पांढरा, त्यात नीलम्मा. खालचा भाग रंगानं भरलेला. मिरचीचा लाल, हळदीचा पिवळा, धण्याचा हिरवा. येसरला रंग शोधताना तिनं डोकं चालवलं होतं. "मसाल्याच्या तारेवर निळं काहीच नसतं, काका. बाई नुसती 'निळी द्या' म्हणली तरी येसरच मिळंल." रंग तारेवर उठून दिसत होते, पुडी पुडीपासून वेगळी होती आणि न वाचताही मागता येत होती. मी फरशीवर जाऊन बघितलं. फरशीवरून काय, पलीकडच्या चहाच्या टपरीवरून ओळखू येत होती.

"कशी हाय?" तिनं दरडावून विचारलं.

"वळखीची वाटती," मी म्हणालो. "चांगलं हाय. गिऱ्हाइकाला वळखीची वाटली पायजे." असं बोलून मी तिची लड मधोमध लावली. शेत माझा धाकटा भाऊ करतो, माझं आयुष्य गल्ल्यावर गेलं, म्हणून असेल, ओळखीची का वाटते, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एक गोष्ट तेव्हा खटकली. शंकरपाळ्याच्या खाली ठसठशीत ओळ होती: "औषधी गुणांनी युक्त". मी बोट ठेवलं तर तिचा जबडा आवळला.

"ते वीरेशअण्णाचं. मी न्हाई म्हणत होते. मसाल्यावर असं काही लिहिता येत न्हाई, कायद्यात बसत न्हाई, समदं सांगितलं. तर म्हणला, रोगाचं नाव कुठं घेतलंय? अप्पा म्हणले, थोरल्याचा एक शब्द तरी ऐक. मग घातला. सिलिंडर बी झाले हैदराबादला." रंगीत पुडीचा रोळ छापायचा तर प्रत्येक रंगाचा वेगळा कोरीव सिलिंडर लागतो. एकदा कोरला की कोरला, पुसता येत नाही.

लगनसराई सुरू झाली. आमच्याकडं लग्नात येसराची आमटी नसेल तर पंगत झाली असं कुणी म्हणत नाही. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं येसर आता घरी कोण करतं? पुडीच आणतात. मी वाट बघत बसलो. बायका फरशीवर यायच्या, तारेकडं बघायच्या, नजर निळ्या शंकरपाळ्यावर जायची, थांबायची आणि बाजूला सरकायची. "ते दुसरं द्या." मी म्हणायचो, हे घ्या ना, ताजं हाय. "नको." का नको, ते सांगायच्या नाहीत. एकीनं तर हातात घेतलेली पुडी गल्ल्यावर ठेवून हात पदराला पुसले. मला वाटलं, माझ्याच दुकानात ही तऱ्हा असेल. तसं नव्हतं. देगलूर, कंधार, अहमदपूर, सगळीकडून लडी परत जायला लागल्या.

रुद्राणी फोनवर माझ्यावर ओरडायची. "तुम्ही कोपऱ्यात टांगली असंल!" मी तिच्यावर ओरडायचो. "ये आन् बघ, मधी हाय का कोपऱ्यात!"

ती आली, बाजाराच्या दिवशी. आणि तिच्या मागोमाग महादेवप्पांची गाडी आली. वीरेशनंच बापाला आणलं होतं, फजिती डोळ्यांनी दाखवायला. म्हातारा काठी टेकत टेकत फरशीवर चढला. वीरेश गटाराच्या काठावर हात मागं बांधून उभा राहिला, पांढरा शर्ट, खिशात पेन. परवानगी न मागता माझं दुकान सभेची जागा झालं.

"बघा अप्पा," वीरेश म्हणाला. "भरलेली लड. एक पुडी निघाली न्हाई. म्हणलो होतो का न्हाई?"

"तू गप," रुद्राणी म्हणाली.

"मी गप? समद्या उदगीरात हसून राहिले लोक!"

तेवढ्यात केवळाबाई आल्या. बाऱ्हाळीकडच्या, स्वतः कापूस-सोयाबीन करणाऱ्या, माझं जुनं गिऱ्हाईक. नातीच्या साखरपुड्याला सामान न्यायला आल्या होत्या. त्यांनी येसर मागितलं. रुद्राणीनं मला बोलूच दिलं नाही. लडीतून निळी पुडी फाडली आणि त्यांच्या समोर धरली.

केवळाबाई एक पाऊल मागं सरल्या. फरशीच्या कडेवर गेलेला पाय त्यांनी सावरला.

"मावशी, येसरच हाय," रुद्राणी म्हणाली. आवाज चढलेलाच. "का घेत न्हाईत तुम्ही? समद्याजणी बघतात आन् पुढं जातात. चोरीचं हाय का हे? काय वाईट हाय ह्याच्यात, सांगा की!"

"ओरडू नगं," केवळाबाई म्हणाल्या. "औषध हाय ते."

"औषध न्हाई हो! औषधी गुण लिहिलंय, म्हणजे..."

"लिहिलेलं मला काय कळतंय? मला वाचता येत न्हाई." त्यांनी पुडीकडं बोट केलं, पण हात लावला नाही. "हे वाचता येतंय. ही खूण. कापसावर फवारायच्या डब्यावर हीच असती. आशीच हुबी चौकट, खालचा भाग रंगाचा. लाल आसली तर लई जहाल. पिवळी त्याच्या खालोखाल. निळी, हिरवी बी असती. औषधच की ते."

मी पुडीकडं बघितलं, मग तारेकडं. लाल, पिवळा, हिरवा, निळा. भावाच्या गोठ्यातल्या आढ्यावर ठेवलेले डबे माझ्या डोळ्यांसमोर आले. एकही रंग चुकलेला नव्हता. आणि आमच्याकडं औषध म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. माणूस औषध प्याला म्हटलं की घरात रडारड सुरू होते. शंकरपाळ्याच्या बरोबर खाली तोच शब्द आम्ही जाड अक्षरात टांगला होता. साऱ्या दुकानात दारातून वाचता येणारी तेवढी एकच पुडी होती, आणि ती विष असं सांगत होती. लाजेनं माझे कान तापले. पहिल्या दिवशी तिला "वाच" म्हणून फरशीवर धाडणारा मी, मला स्वतःला वाचता आलं नव्हतं.

"पर आत येसर हाय, मावशी," रुद्राणीचा आवाज खाली आला. "खाऊन दाखवू का?"

"आसंल येसर. मी कुठं न्हाई म्हणते? पर घरात बारकी लेकरं हायत. त्यांना चालाया लागल्यापासनं शिकवलंय, ही खूण दिसली की हात लावायचा न्हाई, लांब व्हायचं. आता हीच पुडी मी चुलीपाशी ठिवली, तर उद्या ती गोठ्यातल्या डब्यालाबी हात लावतील. मग काय करू मी?"

रुद्राणीनं पुडी हळूच पिशवीत टाकली.

"चूक माझी हाय, मावशी," ती म्हणाली. "मी शंकरपाळं म्हणून काढलं. माझ्या डोक्यात आलंच न्हाई."

वीरेश एवढ्यावर गप्प राहिला असता तर तो त्या दिवशी जिंकला असता. पुढचं सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं. म्हाताऱ्याचं तोंड तर उतरलंच होतं. पण जिंकत आलेल्या माणसाला थांबता येत नाही.

"डोक्यात कसं येईल?" तो फरशीवर चढून आला. "पत्रिका छापणारीला शेतातलं काय कळतं? अप्पा, माझ्या बायकोला, शिवकांतेला, एका नजरेत कळलं होतं! धर्माबादकडच्या शेतातल्या घरची हाय ती. नमुन्याची लड हिनं हैदराबादहून घरी पाठवली, तशी शिवकांतेनं मसाला बरणीत ओतला आन् पुड्या चुलीत घातल्या. म्हणली, ही खूण माझ्या पोरांच्या हाताला लागंल तिथं नको. एका नजरेत! आन् ही म्हणे शिकलेली!"

महादेवप्पांनी मान वर केली. "नमुन्याची लड?"

"हाव."

"म्हणजी सिलिंडर व्हायच्या आदी."

वीरेशच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मी काहीतरी मदत करीन. मी त्याची अजिबात मदत करणार नव्हतो. मला तो माणूस तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही.

"तुला म्हाईत होतं," म्हातारा म्हणाला. "आन् त्याच्यावर तू औषधी लिवायला लावलंस. मला मधी घालून."

"अप्पा, तसं न्हाई, शब्द आधीच ठरला होता..."

"खूण तर कळली होती ना तुला!"

मला वाटलं, आता रुद्राणी फुटणार. इतके महिने माझ्यावर, बापावर, फोनवर, सगळीकडं ती ओरडतच होती. ती ओरडली नाही. भावाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मला पाडायचं होतं तर पाडायचं. मशीन मोडायचंस, रोळ जाळायचास. तू तुझ्या पोरांच्या हातातनं ही खूण काढलीस, आन् चार तालुक्यांतल्या लोकांच्या पोरांच्या हातात दिलीस."

केवळाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि वीरेशकडं अशा बघायला लागल्या की मीच नजर वळवली.

महादेवप्पांनी हात पुढं केला. "पुड्यांच्या मशीनच्या खोलीची किल्ली दे हिला."

वीरेशनं खिशातून किल्ली काढली, बहिणीसमोर धरली. धरूनच राहिला. तिनं घेतली नाही.

"आता नको," रुद्राणी म्हणाली. "आदी समद्या दुकानातनं पुड्या गोळा कर. ड्रायव्हरला पाठवायचं न्हाई, तू जायचं. आन् दर दुकानात सांगायचं, कशामुळं परत नेतोस ते. मग दे."

वीरेशनं बापाकडं बघितलं. बाप केवळाबाईंच्या पिशवीकडं बघत होता.

मी स्टुलावर चढलो आणि तारेवरची लड काढायला लागलो. "उतरा, काका," रुद्राणी म्हणाली. "पहिलं दुकान तुमचंच हाय. त्यालाच काढू द्या."

मी उतरलो. वीरेश पांढऱ्या शर्टानं माझ्या स्टुलावर चढला, पुड्या काढल्या, आणि वरूनच, कुणाकडंही न बघता, सांगायला सुरुवात केली. आवाज फुटत नव्हता.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "फरशीपर्यंत आलं पायजे."